गॅस बंद केलेला असतो, तरी स्टॉपवरून परत का यावं लागतं?

*मॅडम, मी ४१ वर्षांची, सांगलीतल्या एका पतसंस्थेत चौदा वर्षं कॅशियर आहे. गेले सात-आठ महिने डोक्यात नुसता धुरळा उठल्यासारखं झालंय. नोटा मोजताना कुणी हाक मारली की आकडा उडतो. सर्क्युलर तीनदा वाचूनही कळत नाही. मागच्या महिन्यात एक व्हाउचर लिहायचं राहिलं आणि कॅश टॅली व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले. गॅस बंद केला की नाही म्हणून स्टॉपवरून परत घरी जाते, कधी दोनदा. रोजच्या खातेदाराचं नाव आठवत नाही. यजमानांचं दुकान रस्तारुंदीत गेलंय, कर्ज आहे, मुलगा बारावीला आहे. थायरॉइड, बी-१२, साखर, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल आलं. झोपेसाठी डॉक्टरांनी अल्प्राझोलाम दिली होती, ती अजून रोज रात्री अर्धी घेते. सासूबाईंना डिमेन्शिया होता, त्यांचं सगळं मीच केलं. मलाही तेच होतंय का? आणि तोवर काउंटर कसा सांभाळू?*

*— एक कॅशियर*

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, नाहीतर पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. तुमच्या पत्रात मला डिमेन्शियाचं चित्र दिसत नाही. शिवाय सासूबाईंचा आजार रक्तातून तुमच्याकडे येण्याचा प्रश्नच नाही, त्या यजमानांच्या आई. तुमच्या वाट्याला आलंय ते वेगळं. तुम्ही तो आजार रात्रंदिवस जवळून पाहिलाय आणि म्हणून स्वतःची प्रत्येक चूक आता त्याच मापानं मोजताय.

त्या आजारातला माणूस जेवून उठल्यावर ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणतो आणि उष्टं ताट दाखवलं तरी त्याला पटत नाही. हे तुम्ही पाहिलं असेल. तिथे घडलेली गोष्टच पुसली जाते, आणि पुसली गेलीय याचाही पत्ता नसतो. दवाखान्यात तक्रार घेऊन येतात ते घरचे. पेशंट म्हणतो, मला काही झालेलं नाही. तुमचं बघा. कोणतं काम राहिलं, त्यामुळे किती उशीर झाला, हे सगळं तुम्हाला नीट आठवतंय. काउंटरवर न आलेलं खातेदाराचं नाव संध्याकाळी भाजी निवडताना आपसूक आठवतं का, हे एकदा लक्ष ठेवून बघा. मागाहून आठवलेलं नाव म्हणजे ते आत शाबूत होतं, फक्त त्या क्षणी हाताला लागलं नाही. आपल्या विसरण्याची अशी तपशीलवार यादी घेऊन माझ्यासमोर बसणारी चाळिशीतली माणसं जवळजवळ नेहमीच काळजीनं किंवा निराशेनं पिचलेली असतात.

मग होतंय काय? तुमच्याच कामातून सांगते. नोटा मोजताना तुम्ही मनातल्या मनात बोलता, ‘सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर’. हा आतला आवाज एकच असतो. आणि काळजीसुद्धा त्याच आवाजात बोलते, ‘या महिन्याचा हप्ता कुठून आणायचा, याच्या फीचं काय’. एका तोंडानं दोन माणसांशी बोलता येत नाही, तसंच हे. आपण ज्याला क्षणभराचं ध्यान म्हणतो, त्यात एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. त्यातल्या दोन जागा कर्जानं आणि मुलाच्या परीक्षेनं सकाळपासून अडवल्या, तर उरलेल्या दोन जागांवर तुम्ही अख्खा काउंटर चालवताय. काम होतं, पण दुप्पट जोर लावून. म्हणून संध्याकाळी डोकं पिळून काढल्यासारखं होतं. काळजीनं काम जितकं बिघडतं त्यापेक्षा त्याला लागणारा जोर जास्त वाढतो, हे मानसशास्त्रात बऱ्यापैकी पक्कं झालेलं निरीक्षण आहे.

म्हणजे तुमच्या आठवणीची टाकी गळत नाही. तिच्यात पाणी पडतच नाहीये, कारण पाणी भरायच्या वेळी नळाशी तुम्ही नसता. एवढं पटलं की उपाय कुठे करायचा तेही कळतं. नंतर आठवायला जोर लावून उपयोग नाही. गोष्ट घडते त्या दोन सेकंदांत तिथे हजर राहायचं आहे.

गॅसचं घ्या. सकाळी पावणेनऊला हात बटण फिरवतो, वर्षानुवर्षं फिरवतोय, त्याला तुमची गरज नाही. मन तेव्हा बँकेच्या मॅनेजरसमोर बसलेलं असतं. स्टॉपवर आल्यावर तुम्ही मागे वळून शोधता तर तिथे चित्रच नसतं. गॅस बंद असतो, पण ‘बंद केला’ याची नोंद नसते. परत जाता, बघता, बंदच असतो, आणि जिवाला बरं वाटतं. इथेच एक फसगत होते. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या संशोधकांनी लोकांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या गॅसची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. लोकांना शेवटची तपासणी आठवत होती, त्यात फारसा फरक पडला नाही. पण ती आठवण अंधुक झाली आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा मात्र घसरला. पुढे खऱ्या स्वयंपाकघरातल्या खऱ्या शेगडीवरही असंच आढळलं. दहा वेळा बघितलेली एकच गोष्ट दहा सारख्या फोटोंसारखी होते, त्यातला आजचा कोणता ते कळत नाही. म्हणजे तुमची प्रत्येक परतफेरी उद्याच्या फेरीची तयारी करते. ‘एकदाच बघून येते, मग डोकं शांत’ हे त्या दिवसापुरतं खरं आणि महिन्याच्या हिशेबात खोटं.

म्हणून तपासणी एकदाच, पण ती बोट दाखवून आणि मोठ्यानं बोलून. आपल्या रेल्वेत इंजिनमध्ये दोन माणसं असतात, लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की दोघंही त्याचा रंग मोठ्यानं म्हणतात, हातानं खूण करतात. वर्षानुवर्षं त्याच मार्गावर गाडी चालवणारी माणसं आहेत ही, सिग्नल त्यांना झोपेतही ओळखू येईल. तरी बोलायचंच, कारण सवयीचं काम डोळे करतात आणि मन भलतीकडे जातं, हे रेल्वेला ठाऊक आहे. जपानी रेल्वेत हीच पद्धत बोट रोखून करतात. बोललं की तो आतला एकुलता एक आवाज तेवढ्या क्षणी कामाला लागतो आणि काळजीला गप्प बसावं लागतं.

तुम्ही असं करा. निघताना अगदी शेवटचं काम म्हणून, चप्पल घालण्याआधी, ओट्यासमोर उभ्या राहा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, त्याला हात लावा, आणि घरातल्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा, ‘आज मंगळवार, रेग्युलेटर बंद, ओट्यावर पोह्यांची कढई.’ शेवटचा तपशील रोज वेगळा हवा. आज कढई, उद्या दुधाचं पातेलं, परवा खिडकीत बसलेली चिमणी. तो तपशीलच आजच्या आठवणीला कालच्यापासून वेगळी काढतो. स्टॉपवर शंका आली की ‘गॅस बंद केला का’ असं विचारू नका, ‘आज ओट्यावर काय होतं’ असं विचारा. कढई आठवली की गॅस तिच्यासोबत येतो.

आणि मग परत जायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस हे जड जाईल, खोटं कशाला सांगू. स्टॉपवर पोटात कालवाकालव होईल, बस दिसली तरी पाय घराकडे वळतील. ती ओढ चढते तशी उतरतेही. बहुतेकींना काउंटर उघडेपर्यंत ती विरलेली असते, आणि दर वेळी थोडी कमी चढते. घरी फोन करून ‘जरा बघ रे’ म्हणणं हीसुद्धा तपासणीच. मोबाइलवर शेगडीचा फोटो काढून ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो पसंत नाही. आठवड्याभरात तो फोटो दिवसातून पाच वेळा उघडला जातो, मग ‘हा आजचाच ना’ अशी शंका येते, आणि तुम्ही जिथे होतात तिथेच पोचता.

एक ठिकाण मात्र लक्षात ठेवा. गॅस, कुलूप, नळ, हात धुणं अशा तपासण्यांत रोज तासाभराहून जास्त वेळ जायला लागला, किंवा ‘मी परत बघितलं नाही तर कुणीतरी जिवाला मुकेल’ असा विचार पाठ सोडेना, तर तो नुसता विसराळूपणा राहिला नाही. त्याला ओसीडी म्हणतात, त्याची वेगळी आणि चांगली उपचारपद्धती आहे. तुमच्या पत्रातून मला ते तिथवर गेलेलं वाटत नाही.

आता काउंटर. तिथे बोलून सगळं करता येणार नाही, समोर खातेदार उभे असतात. तिथे डोक्यातलं ओझं टेबलावर उतरवायचं.

शंभरच्या बंडलात सदुसष्टला हाक आली की पहिल्यापासून मोजावं लागतं, कारण सदुसष्ट हा आकडा फक्त त्या आवाजात होता, आणि ‘काय हो?’ म्हणताना तुम्ही तोच आवाज वापरला. म्हणून वीस-वीस नोटांचा गठ्ठा करा आणि गठ्ठे आळीपाळीनं ठेवा, एक उभा, एक आडवा. कितीही हाका आल्या तरी जास्तीत जास्त वीसच नोटा पुन्हा मोजाव्या लागतील, बाकीचं गठ्ठे बघूनच कळतं. आणि एक नियम: हाक आली तर मान वर करण्याआधी आकडा कागदावर. पेन्सिल दोरीनं काउंटरलाच बांधून टाका. हे लिहायला दोन सेकंद लागतात. खातेदार दोन सेकंद थांबतो, त्याला कळतही नाही. ‘एवढं लक्षात राहील’ असं ज्या क्षणी वाटेल तोच क्षण लिहायचा. आधी मशीन वापरत असाल तरी हातानं मोजण्याच्या फेरीला हेच लावा.

ते राहिलेलं व्हाउचर. माझा अंदाज असा, की पैसे देणं आणि रोजकीर्दीत लिहिणं यांच्या मधे काहीतरी आलं. फोन आला, साहेबांनी बोलावलं, कुणी पासबुक पुढे केलं. अर्धवट काम टेबलाच्या मधोमध पडलं, त्यावर दुसरं पडलं, आणि तुमच्या दृष्टीनं ते ‘झालं’. विसरण्याची जागा बहुतेकदा अशीच असते, दोन पायऱ्यांच्या मधली. तिला बुजवायला कागदाची जागा ठरवा. लिहायचं राहिलेलं व्हाउचर डाव्या ट्रेमध्ये, लिहून टिक केलेलं उजव्या ट्रेमध्ये, टेबलाच्या मधे काही म्हणजे काही नाही. मग कितीही वेळा उठावं लागलं तरी परत आल्यावर डावा ट्रे बघायचा, आठवायचं काही नाही. अजून एक गोष्ट कराच: जेवायला उठण्याआधी दहा मिनिटं काढून अर्ध्या दिवसाची कच्ची टॅली मारा. दुपारी दीडला फरक निघाला तर शोधायला फक्त सकाळची व्हाउचरं असतात आणि ती ताजी असतात. संध्याकाळी निघालेला फरक अख्ख्या दिवसात शोधावा लागतो, तोही थकलेल्या डोक्यानं आणि सगळे घड्याळाकडे बघत असताना. मागच्या महिन्यातल्या त्या रात्रीनं तुमच्या मनात घर केलंय, हे पत्रातून दिसतंय. दुपारची ही टॅली चूक लवकर पकडतेच, शिवाय दिवसभर ‘आज पण फरक निघेल का’ हा विचार जी जागा अडवून बसतो, तीही मोकळी करते.

सर्क्युलर चौथ्यांदा वाचू नका. डोळे ओळींवरून फिरतात, आतला आवाज भलतंच बोलत असतो. वेळ फक्त जातो. सकाळी काउंटर उघडण्याआधी पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात चार-पाच शब्द लिहा: कुणी, काय, कधीपासून. ‘आम्ही, नवा केवायसी फॉर्म, एक तारखेपासून.’ लिहायचं आहे म्हटलं की मन वाचतं. नावाचं म्हणाल तर ते आठवायला झटू नका, झटलं की ते आणखी मागे सरकतं. ‘पासबुक द्या बघू’ म्हणा, नाव समोरच असतं. चौदा वर्षं काउंटरवर बसलेल्या बाईनं पासबुक मागितलं यात कुणाला काही वावगं वाटणार नाही.

हे सगळं झालं कमी जागेत संसार करायचं. पण त्या अडवलेल्या जागा थोड्या मोकळ्याही करता येतात. काळजी सोडून द्या असं मी सांगणार नाही. तुमच्या काळज्या खऱ्या आहेत, दुकान खरंच गेलंय. फक्त तिला दिवसभर मोकळं फिरू देण्यापेक्षा एक वेळ नेमून द्या. संध्याकाळी साडेसहा ते सहा पन्नास, चहा घेऊन, एका ठरलेल्या खुर्चीत, वहीसमोर. झोपायच्या खोलीत नको आणि रात्री नऊनंतर तर नकोच. दिवसा काउंटरवर हप्त्याचा विचार आला की चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा, ‘हप्ता’, आणि चिठ्ठी पर्समध्ये. मनाला नुसतं ‘गप्प बस’ म्हटलं तर ते बसत नाही, पण ‘साडेसहाला बोलू’ म्हटलं आणि खरंच साडेसहाला बोललात, तर आठ-पंधरा दिवसांत ते ऐकायला लागतं. खरंच बसणं महत्त्वाचं आहे. दोन दिवस चुकवलंत तर मन तुमचा शब्द धरत नाही.

त्या वीस मिनिटांत काय करायचं? समजा चिठ्ठीवर आहे ‘कर्ज’. हा शब्द असाच ठेवला तर तो उद्याही टोचेल, कारण कर्ज ही करता येण्याजोगी गोष्ट नाही, ती परिस्थिती आहे. तिच्यातून एवढं काढा, जे एका माणसाला एका दिवशी एका जागी जाऊन करता येईल. उदाहरणार्थ वहीत असं दिसेल: ‘गुरुवारी ११ वाजता हे बँकेत जातील. हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळते का, विचारतील. सोबत कर्जखात्याचं स्टेटमेंट आणि दुकान पाडल्याची नोटीस. कागद बुधवारी रात्री मी काढून ठेवीन.’ यानं कर्ज एक रुपयानंही कमी होत नाही. तरी टोचणं कमी होतं. अर्धवट कामं डोक्यात घुटमळत राहतात हे जुनं निरीक्षण आहे. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या काही प्रयोगांत असं दिसलं, की ते काम पूर्ण होईपर्यंत थांबावं लागत नाही, कधी-कुठे-कसं करायचं एवढं पक्कं ठरलं तरी मन ते सोडायला तयार होतं. आणि ज्यातून असं एकही पाऊल निघत नाही, ‘बारावीत कमी मार्क पडले तर’, ते वहीच्या मागच्या पानावर जाऊ दे. तिथे त्याला फक्त लिहायचं, सोडवायचं नाही.

तो धुरळा, म्हणजे डोकं हलकं आणि पोकळ, समोरचं सगळं काचेपलीकडे असल्यासारखं, हे पुष्कळदा श्वासामुळे असतं. काळजीत आपण छातीच्या वरच्या वर, भराभर श्वास घेतो, उसासे टाकतो. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि डोकं गरगरतं. धोका काही नसतो, पण माणूस घाबरतं आणि आणखी भरभर श्वास घेतं. काउंटरवर असं झालं तर खोल श्वास घेऊ नका, हीच चूक सगळे करतात. श्वास हळू करा: नाकानं मनात चारपर्यंत मोजत आत, सहापर्यंत मोजत बाहेर. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतात. तीन-चार मिनिटांत डोकं निवळलं, तर तुम्हाला कारणही कळलं.

आता त्या अर्ध्या गोळीबद्दल, आणि हे मी मुद्दाम सावकाश लिहितेय. अल्प्राझोलाम ही झोपेची म्हणून दिली जात असली तरी मुळात ती घबराट शमवणारी गोळी आहे. या जातीच्या गोळ्या मेंदूचा वेग कमी करतात आणि नव्या आठवणी पक्क्या व्हायला अडथळा आणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काहींना जडपणा राहतो. थोड्या दिवसांसाठी ती चांगली आधार देते. पण रोज महिनोन्महिने घेतली की शरीराला तिची सवय होते, झोपेवरचा परिणाम बोथट होतो, आणि गोळी चुकली की बेचैनी वाढते, मग वाटतं ‘बघा, गोळीशिवाय माझं चालतच नाही’. तुमच्या विसरण्यातला किती भाग काळजीचा आणि किती गोळीचा, हे पत्रावरून सांगता येणार नाही. पण थायरॉइडपासून सगळं तपासून झालं आणि ही गोळी तेवढी तपासायची राहिली, असं मला वाटतं.

म्हणून आज रात्रीपासून बंद, असं अजिबात करू नका. ती एकदम सोडली तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, घबराट दुपटीनं येते आणि क्वचित फिटसुद्धा येते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानं, काही आठवडे घेऊन कमी करायची असते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्यांची ओपीडी असते. जाताना गोळीची पट्टी सोबत न्या, कधीपासून घेताय तो महिना लिहून न्या. सर्दीसाठी किंवा अंगाला खाज येते म्हणून मधेमधे ज्या गोळ्या घेता त्याही सांगा. त्यातल्या काही झोप आणतात आणि डोकं मंद करतात. रात्री घोरता का, पाळी मागेपुढे होऊ लागलीय का, हे त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. झोपेत श्वास अडकणं आणि पाळी जाण्याच्या आधीची वर्षं, दोन्हींत असाच धुरळा उठतो. संध्याकाळचा चहा एकच ठेवा, तोही त्या साडेसहाचा, आणि आठवड्याभरात झोप सुधारली नाही तर तो चारला घ्या, वहीसमोर नुसतं पाणी चालेल.

तिथे तुम्हाला काळजीच्या आजारासाठी दुसरं औषध सुचवलं जाईल किंवा कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा बोलण्यातून होणारा उपचार, किंवा दोन्ही. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरत नाही अशी काळजी, तिच्यासोबत झोप जाणं आणि लक्ष न लागणं, याला उपचार लागतो आणि तो लागू पडतो. वर सांगितलेले ट्रे, गठ्ठे, वही ही काळजीवरची औषधं नाहीत. ती कुबडी आहे, पाय बरा होईपर्यंत चालतं ठेवणारी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे घाबरणार नाही: उपचार सुरू झाल्यावर आधी झोप आणि घबराट सुधारते, डोकं स्वच्छ व्हायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. मन हलकं झालं तरी आकडा अजून उडतोय म्हणून औषध सोडू नका. जायला वेळ लागणार असेल तर तोवर १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

माझा अंदाज चुकतोय हे कशावरून ओळखायचं, तेही सांगते. रोजच्या रस्त्यावर वाट चुकली. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारला आणि आधी विचारल्याचं आठवेना. आयुष्यभर केलेल्या पुरणपोळीच्या पायऱ्या मधेच सुचेनात. तुम्हाला काही वाटत नाही, पण यजमान आणि मुलगा मात्र म्हणतात की तू बदललीस. यातलं काही असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचं. आणि एका दिवसात अचानक गोंधळ, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचा हातपाय जड पडणं, असं झालं तर त्याच क्षणी हॉस्पिटल.

शेवटी तुमच्या शेजारच्या काउंटरबद्दल. तिथे जे कोणी बसतं, त्यांना उद्या सकाळी एवढंच सांगा: ‘माझ्या हातात नोटा असताना मला हाक मारू नका, काउंटरवर टकटक करा, गठ्ठा आडवा ठेवून मी बघते.’ कारण सांगायची गरज नाही. मग वहीच्या मागच्या पानावर रोज दोनच आकडे लिहा, स्टॉपवरून किती वेळा परत गेलात आणि दुपारच्या टॅलीत फरक किती निघाला. चार आठवड्यांचं ते पान मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि मलाही कळवा.